सहा जुन्या सेलच्या जोड्या लावताना

लॅपटॉपच्या बॅटरीचा पॅक सहा सेलचा होता. दोन-दोन सेल समांतर, अशा तीन जोड्या सिरीजमध्ये. मल्टीमीटर लावला तर दोन जोड्या ३.६ व्होल्टवर आणि तिसरी ०.९ वर. लॅपटॉपचे पॅक बहुतेक असेच जातात. सगळे सेल एकदम संपत नाहीत, एक जोडी मागे पडते आणि तिच्यापायी पॅकमधला संरक्षक बोर्ड सगळा पॅक बंद करतो. तेवढीच जोडी बदलून काम उरकावंसं वाटतं, पण थकलेल्या चार सेलच्या सोबतीला दोन ताजे घातले की जोड्यांमधला फरक लवकरच पुन्हा वाढतो. म्हणून सहाही बदलायचे ठरवले.

दोन निकामी पॅकमधून बारा सेल निघाले. त्यांपैकी तीन २ व्होल्टच्या खाली होते, ते तपासलेच नाहीत. इतक्या खाली पडून राहिलेल्या सेलमधलं तांबं विरघळतं आणि पुढे चार्ज करताना नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. उरलेले नऊ ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून आठवडाभर नुसते ठेवले. आठ सेल ४.१६ च्या वर राहिले, एक ४.०४ वर आला. तो बाद, कारण असा सेल पॅकमध्ये आपल्या जोडीला रोज थोडं थोडं उतरवत राहतो. घाईत हाच आठवडा वाचवला जातो आणि दुरुस्ती परत येते.

मग आतला रोध मोजला. एक किलोहर्ट्झचं चार तारांचं मीटर असेल तर उत्तम. नसेल तर एक अँपिअरचा लोड लावून व्होल्टेज किती पडतं ते पाहायचं: ०.०७ व्होल्ट पडलं तर ७० मिलिओहम. हा आकडा मीटरच्या आकड्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळे सगळे सेल एकाच पद्धतीने मोजायचे. प्रोब थेट सेलच्या टोकांवर टेकवायचे, होल्डरच्या स्प्रिंगवर नाही. नाहीतर स्प्रिंगचा रोध प्रत्येक सेलच्या माथी बसतो. चार्ज आणि तापमानही सगळ्यांचं सारखं हवं.

क्षमता अर्ध्या अँपिअरने ३ व्होल्टपर्यंत उतरवून मोजली. एका सेलला चार तास लागतात आणि मध्येच वीज गेली की साध्या टेस्टरची मोजणी शून्यावर येते. तेव्हा अंदाज जोडत बसू नये, सेल पुन्हा पूर्ण चार्ज करून पहिल्यापासून मोजावा.

आठांपैकी एक १,४२० एमएएच भरला, तो गेला. दुसरा १,९३० भरला, पण रोध १२८ मिलिओहम. क्षमता पाहून हा घ्यावासा वाटतो. मात्र ६५ मिलिओहमच्या सेलशेजारी तो बसला तर करंट साधारण दोनास एक वाटला जातो. लॅपटॉपने २.७ अँपिअर ओढले की चांगल्या सेलवर १.८ आणि याच्यावर ०.९. चांगला सेल दुप्पट राबतो आणि लवकर थकतो.

राहिलेले सहा असे: २,११०, २,०८०, २,०५०, १,९८०, १,९४० आणि १,९०० एमएएच; रोध ६२ ते ७२. उतरत्या क्रमाने जोड्या लावल्या तर ४,१९०, ४,०३० आणि ३,८४०. पॅक ३,८४० वरच थांबणार, वरच्या जोडीतले ३५० वाया. म्हणून सर्वांत मोठ्याला सर्वांत लहान दिला: ४,०१०, ४,०२० आणि ४,०३०. प्रत्येक जोडीतल्या दोन सेलच्या रोधात ६ ते ९ मिलिओहमचाच फरक राहिला, तो चालतो.

जोडण्याआधी सगळे ३.७ व्होल्टच्या आसपास आणून एकमेकांशी जुळवले. व्होल्टेजमध्ये फरक असताना समांतर जोडले तर एक सेल दुसऱ्यात जोराने रिकामा होतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डरनेच लावली. सोल्डरची उष्णता सेलच्या सीलला आणि आतल्या पडद्याला मानवत नाही.

बोर्ड जोडताना आधी ऋण टोक, मग मधल्या दोन तारा खालून वर, शेवटी धन टोक. काही बोर्ड तरीही झोपलेलेच राहतात आणि चार्जर लावल्यावर जागे होतात. फ्यूज उडालेला असेल तर त्याला तार मारून पुढे जाऊ नये; बोर्डवरच्या चिपने तो मुद्दाम उडवलेला असू शकतो. जुन्या पॅकवरची चार्जिंग व्होल्टेजही वाचावी. तिथे प्रति सेल ४.३५ व्होल्ट निघत असतील तर ४.२ वाले हे सेल त्यात घालायचेच नाहीत.

सुरुवातीला चिपला जुन्याच सेलची क्षमता आठवत असते. टक्के अचानक घसरतात आणि लॅपटॉप मध्येच बंद पडतो. पूर्ण चार्ज, थोडी विश्रांती, पूर्ण डिस्चार्ज, असे तीन फेरे दिले आणि विंडोजवर हे चालवलं:

```
powercfg /batteryreport
```

मूळ क्षमता ४७,५२० मिलिवॉट-तास, पूर्ण चार्जची ४१,९००. सगळ्याच चिप अशा शिकत नाहीत, काहींचा आकडा जुनाच राहतो आणि तेव्हा घड्याळ लावूनच मोजावं लागतं. तिसऱ्या डिस्चार्जच्या अखेरीस जोड्यांवर ३.४१, ३.४० आणि ३.३९ व्होल्ट होते.