लॉगिन होत होते, काम होत नव्हतं: एका रिन्यूअलचा माझा अनुभव

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत कस्टमर सक्सेस मॅनेजर आहे. गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर चालतं. करार झाला की माझं काम सुरू होतं: ग्राहकाचा जुना डेटा आत आणायचा, त्यांच्या माणसांना शिकवायचं आणि ज्यासाठी त्यांनी पैसे मोजले ते खरंच घडतंय का, हे पाहत राहायचं. त्याच ग्राहकाचा अकाउंट मॅनेजर करार, दर आणि वाढीव लायसन्स सांभाळतो. त्याचं टार्गेट विक्रीच्या रकमेचं असतं, माझं ग्राहक टिकण्याचं. काही कंपन्यांत कराराचं नूतनीकरण, म्हणजे रिन्यूअलही सक्सेसवाल्यांकडेच असतं, आमच्याकडे नाही.

हा फरक मला नीट उमगला तो २०० लायसन्सच्या एका ग्राहकामुळे. रिन्यूअलला पाच महिने होते. लॉगिन भरपूर, सपोर्टकडे एकही तक्रार नाही, त्यामुळे ग्राहक टिकेल की नाही याचा अंदाज देणारा आमचा हेल्थ स्कोअर हिरवा. अकाउंट मॅनेजर आणखी लायसन्स विकायच्या तयारीत होता. मला मात्र ती शांतता खटकली. मन लावून वापरणारे लोक प्रश्न विचारतात, कुरकुर करतात.

म्हणून लॉगिन बाजूला ठेवून मी स्टॉक मोजणीच्या नोंदी पाहिल्या. त्या निम्म्यावर आल्या होत्या. लोक आत येत, रिपोर्ट उतरवून घेत आणि पुढचं सगळं एक्सेलमध्ये करत. मी तिथल्या एका सुपरवायझरला स्क्रीन शेअर करून रोजचं काम करून दाखवायला सांगितलं, तेव्हा कारण सापडलं. प्रत्येक नोंदीला ज्या गोदामप्रमुखांची मंजुरी लागायची, ते नोकरी सोडून गेले होते. नोंदी त्यांच्याच नावावर अडकून पडत होत्या. सॉफ्टवेअर घ्यायचा आग्रहही त्यांचाच होता. नव्या प्रमुखांना ते कशासाठी घेतलं, हेच कुणी सांगितलं नव्हतं.

मी अकाउंट मॅनेजरला म्हटलं, "आत्ता लायसन्सचा विषय काढू नका." त्याने ऐकलं, आणि हे सोपं नव्हतं, कारण त्याची तिमाही संपत आली होती. मंजुरीचा मार्ग आम्ही बदलून दिला. मग नव्या प्रमुखांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय सुधारायचंय? महिनाअखेरची मोजणी सहा दिवस चालते, ती दोनवर आणायची, असं ते म्हणाले. तेच आमचं लेखी उद्दिष्ट ठरलं. पाळीप्रमाणे प्रशिक्षण दिलं. तिसऱ्या महिनाअखेरीला मोजणी तीन दिवसांत संपली.

रिन्यूअल झालं, पण १५० लायसन्सचं. उरलेली ५० ज्यांच्या नावावर होती, त्यांच्या कामात मोजणी येतच नव्हती. अकाउंट मॅनेजरने ती टिकवायला सवलत देऊ केली असती. मी वापराचे आकडे दाखवून कपातीच्या बाजूने बोलले. न वापरलेल्या लायसन्सचा खर्च पुढच्या वर्षी त्यांच्या वित्त विभागाच्या नजरेत आलाच असता, आणि तेव्हा प्रश्न पूर्ण कराराचा झाला असता. नवा दर आणि कराराची मुदत अकाउंट मॅनेजरनेच ठरवली. त्या बैठकीला मी नव्हते.