तुम्ही विचारलंत म्हणून: अठ्ठेचाळीस दिवसांचा हिशोब

«ताई, इंटर्नशिपमध्ये शिकायला काहीच मिळत नाहीये. मध्येच सोडायची तर पत्रात खरं कारण लिहू, की घरची अडचण सांगू?»

खरं कारणच लिही. पण आधी मोजून घे. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असताना भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात सहा महिन्यांसाठी लागले होते. ठरलं होतं की मोजमापाची साधनं, तपासणीची पद्धत आणि लाईनवरचे दोष शिकायचे. प्रत्यक्षात माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा असायचा. ऑपरेटर तासाला पाच नग मोजून हाताने आकडे लिहायचे, आणि मी ते एक्सेलमध्ये भरायचे.

कंटाळवाणं काम आणि न शिकवणारं काम यांत फरक आहे, तो मला एका बोअरने, म्हणजे नगात कापलेल्या भोकाने, दाखवला. माप होतं 25 मिमी, वर जास्तीत जास्त 0.021 चालायचं. आकडे भरताना दिसलं की सकाळी 25.016 असलेलं माप दुपारपर्यंत 25.004 वर येतं आणि मग एकदम 25.015 होतं. रोज तसंच. ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, «तू एंट्री पूर्ण कर.» जेवणाच्या सुट्टीत मशीनवरच्या दादांना विचारलं. ते म्हणाले, «इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं पातं, झिजतो गं. टोक झिजलं की कमी कापतो, मग भोक लहान होतं. खालच्या मापाजवळ आलं की मी ऑफसेट देतो, हत्यार झिजेइतकं सरकवून घेतो.» बाहेरून टर्निंग करताना हीच झीज उलट दिसते, व्यास वाढत जातो, हेही त्यांनीच सांगितलं. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत जे समजलं ते सहा आठवड्यांच्या एंट्रीत समजलं नव्हतं, आणि समजण्यासारखं सगळं माझ्याच हाताखालून जात होतं.

त्या रात्री डायरी काढून बसले. 36 कामाचे दिवस झाले होते. 31 दिवस फक्त एंट्री, 3 दिवस स्टोअरमध्ये माल मोजणं, 2 दिवस लाईनवर. पहिले दोन-तीन आठवडे असे जातातच, त्यावरून निघू नये. सहा आठवड्यांनंतरही हेच प्रमाण असेल तर मात्र ते आपोआप बदलत नाही.

लगेच पत्र दिलं नाही. साहेबांना भेटून म्हटलं, एंट्री मीच करते, पण रोज दोन तास मला लाईनवर बसू द्या. ते हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले असं मला आजही वाटतं. पुढच्या 12 दिवसांत दोनदाच जायला मिळालं, कारण ग्राहकाचं ऑडिट आलं आणि कागद वाढले. ही विनंती आधी झालेली असणं फार महत्त्वाचं. ती नसेल तर पत्र वाचणारा म्हणणारच, «आधी सांगितलं असतंस तर?»

मग कॉलेजच्या गाईडना भेटले. हे पत्राच्या आधी करायचं. इंटर्नशिपला श्रेयांक असतात, आणि परस्पर सोडली तर सत्र अडकू शकतं. माझ्या सरांनी उरलेल्या काळासाठी दुसऱ्या एका वर्कशॉपमधल्या प्रकल्पाला मान्यता दिली. असा पर्याय मिळत नसेल तर मी सोड म्हणून सांगणार नाही. करारातली नोटिशीची मुदतही पाहून घे. माझी एक आठवड्याची होती.

पहिला मसुदा रागाने लिहिला होता. त्यात «माझा वापर करून घेतला» असं वाक्य होतं. गाईडनी ते खोडलं, म्हणाले, यावर वाद घालता येतो, आकड्यांवर येत नाही. शेवटी दिलेलं पत्र इंग्रजीत होतं, मजकूर असा:

«तपासणीची पद्धत शिकण्यासाठी मी आपल्याकडे रुजू झाले. आजवरच्या 48 कामाच्या दिवसांपैकी 4 दिवस लाईनवर गेले, बाकी बहुतेक नोंदी भरण्यात. याबाबत दोन आठवड्यांपूर्वी आपल्याशी बोलले होते. शिकण्याचा हेतू पूर्ण होत नसल्याने मी पुढील शनिवारी काम थांबवू इच्छिते. तोवर सर्व नोंदी पूर्ण करून फाइली सोपवीन. झालेल्या कालावधीचं प्रमाणपत्र मिळावं, ही विनंती. मशीनवर ज्यांनी समजावून सांगितलं त्यांची मी आभारी आहे.»

यात दुसऱ्या कुणाच्या स्वभावाबद्दल एक शब्द नाही. घरची अडचण लिहिली असती तर साहेब म्हणाले असते, महिनाभर सुट्टी घे आणि परत ये, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. शिवाय पुढच्या मुलाच्या वाट्याला तोच गठ्ठा आला असता.

साहेबांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. आठवडाभर फारसं बोलले नाहीत. मी नोंदी शनिवारपर्यंत आणून ठेवल्या, सेफ्टी शूज आणि ओळखपत्र जमा केलं, आणि बोअरच्या आकड्यांचा तासागणिक आलेख निघेल अशी एक शीट करून फाइलींबरोबर दिली. प्रमाणपत्रावर लिहून आलं: «तपासणी नोंदींचे संकलन, 9 आठवडे.» मी बायोडेटात तेच, तसंच लिहिलं. मुलाखतीत मला त्या शीटबद्दल विचारलं गेलं, आणि मी इन्सर्टची झीज समजावून सांगितली.