सिंकवर बसणारी फळी

"मैत्रिणीला स्वयंपाकाची फार आवड आहे, पण तिचं स्वयंपाकघर एवढंसं. मिक्सर, चॉपर, एअर फ्रायर सगळं घेऊन झालंय आणि आता ओट्यावर जागाच उरलेली नाही. यंत्र सोडून तिला काय द्यावं?"

सिंकवर आडवी बसेल अशी, मापाने करून घेतलेली लाकडी फळी द्या. चिरायच्या वेळी सिंक बहुतेक रिकामंच असतं, म्हणजे तयार जागा वाया जाते. ती झाकली की ओटा तेवढा वाढतो, आणि काम संपल्यावर फळी भिंतीला उभी राहते. बाजारातल्या तयार फळ्या सहसा मापात बसत नाहीत. सिंकपेक्षा आखूड असल्या तर आत पडतात, लांब असल्या तर सरकतात. म्हणून फळी सुताराकडूनच करून घ्या.

माप घ्यायला तिच्या घरी जावं लागेल. भेट गुपित ठेवायचा हट्ट सोडा, कारण मापात एक सेंटिमीटरची चूक झाली तरी फळी वापरात येणार नाही. समजा, सिंकचं तोंड रुंदीला ४५ आणि पुढून मागे ३८ सेंटिमीटर आहे. फळी पुढून मागे ठेवायची, दोन्ही कडांवर तीन-तीन सेंटिमीटर टेकेल अशी, म्हणजे लांबी ४४. रुंदी ३० पुरे. उरलेली १५ सेंटिमीटरची फट मुद्दाम ठेवायची. तिच्यातून हात धुता येतात, भाजी विसळता येते आणि सालं थेट खालच्या भांड्यात लोटता येतात. सिंक पूर्ण झाकणारी फळी सुरुवातीला आवडते, पण पाण्यासाठी दर वेळी उचलावी लागते आणि शेवटी कपाटामागे जाते.

सुताराकडे जाण्याआधी याच मापाचा जाड पुठ्ठा कापून दोन दिवस सिंकवर ठेवायला सांगा. नळाची मान फिरताना अडते का, मागच्या कडेवर नळाचा बुडखा आड येतो का, हे पुठ्ठाच दाखवतो. फळीची उंची ओट्यापेक्षा थोडी वाढते. चिरताना मैत्रिणीचा खांदा वर उचलला जात असेल तर तेही याच वेळी कळतं.

लाकूड घट्ट आणि बारीक रंध्रांचं हवं. मेपल किंवा बीच उत्तम. सागवान पाण्याला टिकतं, पण त्यातल्या सिलिकामुळे सुरीची धार लवकर जाते. प्लायवूड नको, कडेतून पाणी शिरून थर सुटतात. जाडी २.२ सेंटिमीटर घेतली तर या मापाची फळी साधारण दोन किलोची होते, एका हाताने उचलण्याजोगी. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे जायला हव्यात. आडव्या रेषांची फळी भाराखाली रेषेवरच तडकू शकते.

फळी सरकू नये म्हणून खालून दोन पट्ट्या लागतात, एक पुढच्या कडेच्या आत, एक मागच्या. दोन्हींच्या बाहेरच्या बाजूंमधलं अंतर ३७.४ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे दोन्हीकडे तीन मिलिमीटर मोकळे राहतात आणि फळी अडकत नाही. पट्ट्या सरसाने चिकटवू देऊ नका. लाकूड दमटपणात रेषांना आडवं फुगतं, ३० सेंटिमीटरच्या रुंदीत दोन-तीन मिलिमीटर सहज. चिकटलेली पट्टी त्याला हलू देत नाही, मग फळी तडकते. मधला स्क्रू घट्ट, आणि टोकाच्या दोन स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोकं, एवढं सुताराला स्पष्ट सांगा. स्क्रू गंज न धरणारे आणि पट्टी १.५ सेंटिमीटर जाड असेल तर २.८ सेंटिमीटर लांबीचे. लांब घेतले तर टोक वर येऊन सुरीला लागेल.

देण्याआधी फळीला खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल पाजा. दोन्ही बाजू आणि कडा, त्यातही रेषांची तोंडं उघडी असलेल्या दोन टोकांना जास्त, कारण पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं. रात्रभर ठेवा, पुसा, पुन्हा लावा. तीन-चार वेळा तरी हे करावं लागतं. स्वयंपाकाचं तेल वापरू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि खवट वास धरतं. फक्त वरच्या बाजूला तेल लावलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि फळी वाकते. ती ओट्यावर डुगडुगू लागली की हे झालंय असं समजा. त्याच कारणासाठी धुतल्यावर ती आडवी न ठेवता उभी वाळवायची. कच्चं मांस किंवा मासे चिरायचे असतील तर वर वेगळी प्लास्टिकची पातळ चादर घ्यावी.

फळीबरोबर आणखी एक गोष्ट जमली तर करा. तिची रोजच्या वापरातली सुरी धार लावून आणा. टोमॅटोच्या सालीवर पातं दाब न देता शिरत नसेल, घसरत असेल, तर धार गेली आहे. सुरी नेताना बदली सुरी मात्र देऊन जा, त्या दिवशीचा स्वयंपाक थांबायला नको.