सर्व्हर हलवायच्या आधीची मेल

आमच्या ऑफिसच्या जुन्या होस्टवर तीन गेस्ट होते. होस्ट म्हणजे खरा सर्व्हर आणि गेस्ट म्हणजे त्यावर चालणारी व्हर्च्युअल मशीन. मेलच्या पहिल्या मसुद्यात मी 'गेस्ट नव्या होस्टवर जातील' असं लिहिलं, तर शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "कुठले पाहुणे?" तेव्हाच तो शब्द काढला आणि सरळ 'फाइल सर्व्हर, अकाउंट्स आणि मेल' असं लिहिलं.

चालू मशीन न थांबवता हलवता येते, पण आमचा जुना होस्ट एएमडीचा आणि नवा इंटेलचा, त्यामुळे तो मार्ग बंद. मशीन बंद करायची, डिस्कची फाइल कॉपी करायची, तिकडे सुरू करायची. मग किती वेळ बंद, हे सांगणं आलं. फाइल सर्व्हरची डिस्क बघितली:

```
ls -lh files.img   # 500G
du -h files.img    # 180G
```

फाइल 'स्पार्स' आहे, म्हणजे कागदावर 500 जीबी, प्रत्यक्षात भरलेली 180. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला साधारण 110 एमबी जातात, म्हणून मी 27 मिनिटांचा हिशोब केला आणि खूश झालो. तरी आदल्या शनिवारी मशीन चालू असतानाच एक कॉपी करून पाहिली. ती कॉपी वापरायची नव्हती, फक्त वेळ मोजायचा होता. अर्धा तास झाला तरी निम्मंही गेलं नव्हतं. कॉपी करणारा `rsync` रिकामी जागाही शून्यं म्हणून पाठवत होता. सगळं जायला सव्वा तास लागला. रिकामी जागा तिकडे रिकामीच ठेवणारा `-S` पर्याय दिला नसता तर तिकडची डिस्कही 500 जीबीने भरली असती.

म्हणून मेलमध्ये लिहिलं: शनिवारी रात्री 10 ते 1 सगळं बंद. पावणेदहापर्यंत फाइली सेव्ह करून बंद करा. बाहेरून येणारी मेल हरवत नाही, पाठवणारा सर्व्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, ती उशिरा येईल. पासवर्ड आणि पत्ते तेच. डिस्क तीच असल्यामुळे सर्व्हरची ओळख पटवणारी एसएसएचची कीदेखील तीच राहते, तेव्हा 'की बदलली' असा इशारा दिसला तर तो डावलून पुढे जाऊ नका, मला फोन करा. आणि साडेबारापर्यंत नवीन मशीन उठली नाही तर जुनीच पुन्हा चालू करेन. जुन्या होस्टवरची फाइल तशीच राहणार होती, म्हणून हे छातीठोकपणे लिहिता आलं.

बारा वाजता तिन्ही मशीन उठल्या. `virsh dumpxml` ने काढलेली मशीनची जुनी व्याख्याच वापरल्यामुळे त्यांच्या नेटवर्क कार्डांचे मॅक पत्ते बदलले नाहीत, नेटवर्कने काही कुरकूर केली नाही. मी झोपलो.

रविवारी सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "अहो, रोजचा रिपोर्ट आला नाही आज." तो रात्री साडेअकराच्या क्रॉनवर होता, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, आणि मशीन बंद असताना चुकलेलं काम क्रॉन नंतर करत नाही. मेलमध्ये ही एकच ओळ राहून गेली होती. रिपोर्ट हाताने चालवून पाठवला.