आमची वाटचाल : पंधरा डबे आणि कळव्याची ताई

नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरातून भाजणी, मेतकूट आणि डांगराचं पीठ असा एकत्र डबा आम्ही 450 रुपयांना विकतो. सुरुवातीला इन्स्टाग्रामवर साठ हजार फॉलोअर असलेल्या एकाला आमच्या डब्याच्या एका रीलचे 15,000 दिले. ऑर्डरी आल्या नऊ. वहिनींनी तो आकडा हिशेबाच्या वहीत लाल पेनाने लिहिला, तो अजून तसाच आहे.

नंतर त्याच्या आधीच्या रील्स नीट पाहिल्या. दहा रील्सचे लाइक आणि कमेंट मिळून सरासरी 1,140, म्हणजे फॉलोअरच्या दोन टक्केही नाहीत. त्यातही बऱ्याचशा कमेंट इतर क्रिएटर्सच्या, नुसती बदामाची चित्रं. उलट कळव्याच्या एका ताईंचे फॉलोअर 5,200, पण सरासरी 330, सहा टक्क्यांच्या वर. आणि खाली लोक विचारत होते, 'तांदूळ धुऊन घ्यायचे का?'

तेव्हापासून आम्ही पिन केलेल्या आणि पैसे घेऊन केलेल्या रील्स वगळून शेवटच्या दहा मोजतो. प्रेक्षक कुठल्या शहरातले, हे त्यांच्या अकाउंटची आकडेवारी दाखवणाऱ्या इनसाइट्सच्या स्क्रीन रेकॉर्डिंगवर मागतो, कारण स्क्रीनशॉट बदलता येतो.

अशा पंधरा जणांना डबे फुकट पाठवले. रील करायची सक्ती नाही, पण केली तर डबा भेट मिळाल्याचं सांगायचं. फुकट वस्तूलाही जाहिरातीचा हा नियम लागतो. कुरिअर धरून डब्यामागे 255, एकूण 3,825 रुपये गेले. रील केली नऊ जणांनी.

प्रत्येकाला वेगळा कूपन कोड होता, दहा टक्के सवलतीचा. दोन आठवड्यांत कोडवर 41 ऑर्डरी आल्या. कळव्याच्या ताईंच्या KALWA10 वर 19, डोंबिवलीच्या एकीच्या कोडवर 12, उरलेल्या सातांच्या मिळून दहा. आम्ही खूश! वहिनींनी मात्र फोन नंबर जुन्या यादीशी ताडून पाहिले, तर आठ जण आपलेच नेहमीचे, सवलत दिसली म्हणून कोड टाकणारे. नवे 33. सवलत देऊन डब्यामागे 150 उरतात, म्हणजे 4,950. खर्च वजा जाता 1,125. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर कोड न देता मागवणारेही असतात, म्हणून आता प्रत्येकाला विचारतो, 'कुठे पाहिलंत?'

पुढच्या रीलला ताईंनी 3,000 मागितले. त्यांच्या 19 पैकी नवी गिऱ्हाइकं 15, म्हणजे आमच्या हाती 2,250. तीन हजार परवडणार कसे? मी हीच वही त्यांच्यापुढे ठेवली. ठरलं ते असं : 1,200 ठरीव, वर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे 30. त्या रीलवर 22 नवे आले, ताईंना 1,860 मिळाले, आम्हाला 1,440 उरले.

आता फराळाच्या डब्यासाठी त्या 2,000 ठरीव म्हणताहेत. वहिनींचं म्हणणं, आधी चकलीचे पाच डबे पाठवून बघू.