को-वर्किंगचं डेस्क, क्रेडिट आणि अडकलेलं डिपॉझिट (माझा अनुभव)

डिपॉझिट आलं एकदाचं परत, म्हणून लिहितोय. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, घरूनच फ्रीलान्स डिझाइनची कामं करतो. बाणेरला डेस्क घेतलं होतं, ६,५०० भाडं, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,६७०. माझं जीएसटी रजिस्ट्रेशन नाही, तेव्हा हा टॅक्स परत मिळत नाही, खिशातूनच जातो. आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न कलम ४४एडीए खाली भरतो, त्यात निम्मं उत्पन्न सरळ नफा धरतात, त्यामुळे "भाडं खर्चात दाखवा ना सर" हे सेल्सवाल्याचं गाजर आपल्या कामाचं नाही.

सकाळी ९ ते संध्याकाळी ७, महिन्याला २६० तास, तासाला ३० रुपयेपण पडत नाहीत, असं त्याने कॅल्क्युलेटरवर दाखवलं. पण माझे अमेरिकेचे कॉल रात्री आठनंतर, ते घरूनच, आणि बरेच दिवस साइटवर जातात. प्रत्यक्ष बसणं ८० तासांच्या आसपास, म्हणजे तासाला ९६!

आता डिपॉझिट. दोन महिन्यांचं, १३,०००. सोडतो म्हणून ५ तारखेला मेल केला तर म्हणे नोटीस पुढच्या १ तारखेपासून धरणार, म्हणजे ३० दिवसांच्या नोटिशीचे जवळजवळ दोन महिने झाले. बरं, मग डिपॉझिटमधून वळतं करा म्हटलं तर तेही नाही, आधी भाडं भरा, मग कार्ड जमा करा, मग नो-ड्यूज, आणि त्यानंतर ४५ दिवस. नो-ड्यूजवर सही करणारी मॅनेजर मधेच नोकरी सोडून गेली, नवीन मुलगा म्हणतो अकाउंट्स बंगळुरूला आहे, बंगळुरूवाले म्हणतात सेंटरकडून अप्रूव्हल नाही. फोनवर सगळे गोड बोलतात, लेखी कुणी काही देत नाही. शेवटी कार्ड जमा केल्याची पोच, सगळ्या पावत्या आणि अ‍ॅग्रीमेंटमधलं ४५ दिवसांचं कलम एकाच मेलमध्ये टाकून दोघांनाही पाठवलं, तेव्हा कुठे हललं. त्यातही प्रिंटिंगचे म्हणून ४०० कापले, हिशेब मागितल्यावर तेही परत आले. कार्ड देताना तारीख घातलेली पोच घ्याच, अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे ४५ दिवस तिथूनच मोजले जातात, ते तोंडी काहीही सांगोत.

हां, क्रेडिट राहिलंच. मीटिंग रूम वापरायला महिन्याला ८ मिळायचे, चार जणांच्या रूमला अर्ध्या तासाला एक, मोठ्या रूमला दोन, उरलेले महिनाअखेरीला बाद. माझे दोनच वापरले जायचे. तीच रूम बाहेरच्याला तासाला ३०० ने देतात, म्हणजे माझ्यासाठी क्रेडिटची किंमत महिन्याला ३०० रुपये, ते आठांची बेरीज सांगतात ती नव्हे.

घरी फायबर, वाढीव वीज आणि इन्व्हर्टर धरून दीड हजारात भागतं. गुरुवारी महावितरणने मेंटेनन्सला लाइट घालवली की ५०० चा डे पास काढतो, महिन्यात चारही गुरुवार गेलो तरी एकूण साडेतीन हजार. दुपारी मुलगा शाळेतून आला की तासभर काम बंद पडतं, त्याला इलाज नाही.