एका घरातले दोन बाण

मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात मी जैवमाहितीशास्त्राची प्रात्यक्षिके घेते. गेल्या सत्रात जर्नले तपासून परत दिली, त्याच दुपारी एक विद्यार्थिनी आपले जर्नल घेऊन स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, माझं उत्तर कुठे चुकलं ते दाखवता का?" असे तिने विचारले, आणि मला ते दाखवता आले नाही.

प्रश्न साधा होता. GATTA आणि GTA या दोन डीएनए क्रमांची संपूर्ण जुळणी हाताने करायची होती. अक्षर जुळले तर अधिक १, न जुळले तर उणे १ आणि प्रत्येक रिकाम्या जागेला, म्हणजे गॅपला, उणे २. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीचेच हे रूप आहे. एक क्रम वर आणि दुसरा डावीकडे लिहून तक्ता मांडायचा. त्याच्या प्रत्येक घरात तीन वाटांनी येता येते: तिरके आल्यास दोन अक्षरे समोरासमोर बसतात, वरून किंवा डावीकडून आल्यास एका क्रमात गॅप पडतो. या तिन्हींतली सर्वांत मोठी बेरीज घरात लिहायची आणि ती जिथून आली त्या दिशेला बाण काढायचा. तिचा तक्ता असा होता:

```
        G   A   T   T   A
    0  -2  -4  -6  -8 -10
G  -2   1  -1  -3  -5  -7
T  -4  -1   0   0  -2  -4
A  -6  -3   0  -1  -1  -1
```

मी पेन्सिल घेऊन तिच्यासमोर एकेक घर पुन्हा मोजले. पंधराही घरे बरोबर होती आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातली उणे १ माझ्या उत्तरपत्रिकेतही होती. तरीही तिची जुळणी माझ्याहून वेगळी होती, आणि तेवढ्यावरून मी तिचे दोन गुण कापले होते.

```
GATTA     GATTA
G--TA     G-T-A
```

डावीकडची माझी, उजवीकडची तिची. फरक कुठे पडला हे शोधायला आम्ही कोपऱ्यातून उलट चालू लागलो. शेवटच्या A वरून तिरके गेल्यावर T च्या ओळीतले दुसऱ्या T खालचे घर लागते, ज्यात उणे २ आहे. या घरात तिरके यायचे तर उणे ३ अधिक १, आणि डावीकडून यायचे तर ० उणे २. दोन्ही बेरजा उणे २ च येतात. उत्तरपत्रिका तयार करताना मी तिथे फक्त तिरका बाण काढला होता, तिने फक्त आडवा. खरे तर त्या घराला दोन्ही बाण हवे होते. दोन्ही जुळण्यांत तीन अक्षरे जुळतात आणि दोन गॅप पडतात, म्हणून ३ उणे ४, म्हणजे उणे १. दोन्ही तितक्याच सर्वोत्तम आहेत. मी तिचे गुण तिथेच परत दिले.

"पण मग यातली खरी कोणती?" तिने विचारले. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण आमच्या गुणपद्धतीत त्याला उत्तरच नव्हते. प्रत्येक गॅपला सारखाच दंड असेल तर सलग दोन अक्षरे एकदम गळली की दोन अक्षरे दोन ठिकाणी सुटी गळली, हे तक्त्याला कळत नाही. गॅप उघडायला उणे २ आणि तोच पुढे वाढवायला उणे १ असा दंड ठेवला, तर डावीकडच्या जुळणीला ० मिळतो आणि उजवीकडची उणे १ वरच राहते. मात्र तसे मोजायचे तर गॅप आधीपासून उघडा आहे का, हे प्रत्येक घरात वेगळे लक्षात ठेवावे लागते. गोटोह यांनी १९८२ साली त्यासाठी तीन तक्त्यांची रीत दिली. हाताने भरायला ती बरीच जड जाते.

ती गेल्यावर मी उरलेली जर्नलेही परत मागवली. या वेळी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली आणि प्रत्येकाने लिहिलेल्या जुळणीची बेरीज स्वतंत्रपणे करून ती कोपऱ्यातल्या आकड्याशी ताडून पाहिली. अशाच आणखी तिघांचे गुण वाढले.

एका जर्नलात मात्र कोपऱ्यात अधिक १ होता आणि जुळणी ही होती:

```
GATTA
--GTA
```

हिची बेरीज उणे ३ येते. तफावत चारची, म्हणजे नेमकी दोन गॅपांच्या दंडाइतकी. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ पाहिला तर त्या मुलाने तिथे सगळीकडे शून्ये भरली होती, त्यामुळे सुरुवातीचे दोन गॅप फुकट गेले होते. आतली सगळी आकडेमोड बिनचूक होती, म्हणून पहिल्या तपासणीत मी फक्त "उत्तर चूक" असे लिहून पान उलटले होते. आता मी त्या शून्यांभोवती वर्तुळ काढले आणि शेजारी उणे २, उणे ४, उणे ६ लिहून दिले.

पुढच्या प्रात्यक्षिकाला फळ्यावर तोच तक्ता काढला, त्या एका घरात दोन्ही बाण काढले, आणि प्रश्नात "सर्व सर्वोत्तम जुळण्या लिहा" अशी दुरुस्ती केली.